पिल्लांविना आईपण

नसबंदी न झालेली लॅब्रेडॉर कुत्री माजावर येऊन गेली, नराशी संबंध आलाच नाही. तरी दीडदोन महिन्यांनी ती पलंगाखाली चादरी ओढून बाळंतिणीसारखी जागा करते, रबरी खेळणं पिल्लासारखं कुशीत घेते आणि तिच्या सडांतून दूध येतं.

ही खोटी गर्भधारणा. माजानंतर गर्भ असो वा नसो, प्रोजेस्टेरॉन सुमारे दोन महिने वाढलेलंच असतं. ते उतरताच प्रोलॅक्टिन वाढतं आणि दूध तयार होतं.

बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत हे आपोआप ओसरतं. मात्र दूध पिळू नये, सड चोळू नयेत. त्याने दूध वाढतं. ती स्वतःच चाटत असेल, तर गळ्यात कॉलर घालावी.

सड लाल, गरम, दुखरे झाले किंवा ताप आला, तर पशुवैद्यांकडे न्यावं. नसबंदी दूध पूर्ण आटल्यावरच करावी.