वेब पत्ता ‘उपलब्ध’ दिसला, तरी तो आपला असतोच असे नाही!

कुंभवली, बोईसर, तारापूर पट्ट्यातल्या छोट्या उद्योजकांनाही आता व्यवसायाच्या नावाचा स्वतःचा वेब पत्ता, म्हणजे डोमेन, हवा असतो. नोंदणी करणाऱ्या संकेतस्थळावर नाव टाकले, ‘अव्हेलेबल’ असे हिरव्या अक्षरांत आले की लगेच पैसे भरले जातात. पण या शब्दाचा अर्थ फारच मर्यादित आहे. अगदी तीच अक्षरे त्याच क्रमाने कोणी घेतलेली नाहीत, एवढेच तो सांगतो.

मुंबई उच्च न्यायालयातील १९९९चा खटला याचे चांगले उदाहरण आहे. rediff.com हे संकेतस्थळ तेव्हा लोकांच्या परिचयाचे झाले होते. सायबरबूथ नावाच्या व्यवसायाने radiff.com हा पत्ता घेतला. एका अक्षराचा फरक असल्यामुळे नोंदणीत काहीच अडचण आली नाही. रेडिफ कंपनी न्यायालयात गेली. आपले नाव काही इंग्रजी शब्दांच्या अक्षरांवरून तयार केले आहे, असा सायबरबूथचा खुलासा होता. न्यायालयाला तो पटला नाही. डोमेन हा केवळ इंटरनेटवरचा पत्ता नसून त्याला ट्रेडमार्कसारखेच संरक्षण मिळायला हवे, असे सांगून न्यायालयाने त्या नावाच्या वापराला अंतरिम मनाई केली. २००४मध्ये ‘सिफी’ आणि ‘सिफीनेट’ यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयानेही हीच दिशा कायम ठेवली. नाव अर्धवट आठवणाऱ्या साध्या ग्राहकाचा गोंधळ होईल का, हा यातला खरा प्रश्न असतो.

म्हणून तपासणी दोन टप्प्यांत करावी. समजा, कुंभवलीतल्या एका बचत गटाला चिकूचे चिप्स विकायचे आहेत आणि chikuras.in हा पत्ता हवा आहे.

पहिला टप्पा पत्त्याचा. ब्राउझरमध्ये पत्ता उघडत नाही म्हणजे तो मोकळा आहे, असे समजू नये. अनेक जण डोमेन घेऊन ठेवतात, पण त्यावर संकेतस्थळ बनवत नाहीत. ‘डॉट इन’साठी registry.in वर आणि ‘डॉट कॉम’साठी lookup.icann.org वर नोंद शोधता येते. तिथे नोंदणीची व मुदत संपण्याची तारीख दिसते. ‘डॉट कॉम’च्या नोंदीत redemptionPeriod असे दिसले, तर मुदत संपून नाव काढले गेले आहे, पण जुन्या मालकाला ते परत घेण्यासाठी ३० दिवस आहेत, असा अर्थ होतो. pendingDelete दिसले, तर साधारण पाच दिवसांत ते मोकळे होते. त्याच वेळी chikooras, chikuraas, chiku-ras अशी स्पेलिंगही शोधावीत. मराठी नाव रोमन लिपीत चार प्रकारे लिहिले जाते आणि ऐकणाऱ्याला ती सगळी एकच वाटतात.

दुसरा टप्पा ब्रँडचा. ट्रेडमार्क कार्यालयाची सार्वजनिक शोधसुविधा tmrsearch.ipindia.gov.in येथे आहे. तिथे मालाचा वर्ग द्यावा लागतो. फळांपासून बनवलेल्या चिप्ससाठी २९वा, तर दुकान किंवा ऑनलाइन विक्रीच्या सेवेसाठी ३५वा वर्ग पाहावा. ‘वर्डमार्क’ शोधात ‘कंटेन्स’ निवडून नावाचा मुख्य भाग टाकावा आणि नंतर ‘फोनेटिक’ शोधही करावा. radiff आणि rediff यांच्यासारखी सारख्या उच्चाराची नावे सापडण्याची शक्यता तिथेच असते. केवळ ‘रजिस्टर्ड’ नोंदी पाहून थांबू नये. ‘ऑब्जेक्टेड’ किंवा ‘अपोज्ड’ अर्जही अजून जिवंत असतात.

या शोधालाही मर्यादा आहे. नोंदणी न केलेल्या, पण बाजारात रुळलेल्या नावालाही कायदा संरक्षण देतो. म्हणून सर्च इंजिन, खरेदीची ॲप आणि डहाणू, पालघरच्या दुकानांतील पाकिटांवरची नावेही पाहावीत. कंपनी किंवा दुकानाची नोंदणी त्या नावाने झाली, म्हणजे ट्रेडमार्कचा हक्क मिळाला, असेही होत नाही.

आता सापडलेले नाव तोलायचे. उच्चार जवळचा आणि मालही तोच किंवा त्याच्याशी निगडित असेल, तर नाव सोडावे. माल पूर्ण वेगळा असेल तर धोका कमी होतो, पण देशभर प्रसिद्ध असलेल्या ब्रँडच्या बाबतीत ती सवलत धरू नये. मागे-पुढे ‘ऑनलाइन’ किंवा ‘बोईसर’ जोडल्याने दुसऱ्याचे नाव आपले होत नाही.

‘डॉट इन’ पत्त्यावर तक्रार झाली, तर नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडियाच्या नियमांनुसार लवाद निकाल देतो. नाव गोंधळ निर्माण करण्याइतके सारखे आहे, घेणाऱ्याचा त्यावर वैध हक्क नाही आणि हेतू वाईट होता, हे तक्रारदाराला दाखवावे लागते. ते सिद्ध झाले, तर पत्ता रद्द होतो किंवा तक्रारदाराकडे जातो. तोवर पाकिटे, फलक आणि बिलबुकावर तोच पत्ता छापलेला असतो, आणि खरा खर्च तिथे होतो. त्यामुळे छपाईची ऑर्डर देण्याआधी दोन्ही टप्पे पूर्ण करून शोधाच्या निकालांची तारखेसह प्रत जपून ठेवावी. जवळचे नाव सापडले आणि निर्णय होत नसेल, तर ट्रेडमार्कचे काम करणाऱ्या वकिलाला तीच प्रत दाखवता येईल.