स्टार-डेल्टा स्टार्टर आणि सहा तारा

माझ्या भाच्याचा अश्दोदला लहानसा सुतारी कारखाना आहे. त्याने चक्री करवतीसाठी साडेसात किलोवॅटची थ्री-फेज मोटर घेतली. ती एकदम सुरू केली की दिवे मंद होत आणि कधी मेनचा ब्रेकरही पडे. चालताना ही मोटर साधारण १५ अँपियर घेते; सुरू होण्याच्या क्षणी मात्र सहापट, म्हणजे ९० च्या आसपास ओढते. म्हणून त्याने स्टार-डेल्टा स्टार्टर बसवला.

मोटरीत तीन वाइंडिंग असतात. त्यांची सहा टोके डब्यात येतात : यू-१, व्ही-१, डब्ल्यू-१ ही आरंभाची, आणि यू-२, व्ही-२, डब्ल्यू-२ ही शेवटची. शेवटची तिन्ही एकत्र बांधली की स्टार होतो. मग प्रत्येक वाइंडिंगला ४०० ऐवजी सुमारे २३० व्होल्टच मिळतात आणि लाईनचा करंट एक तृतीयांश, म्हणजे ३० अँपियरवर येतो. जोरही तितकाच कमी होतो. म्हणून पाते मोकळे फिरत असतानाच मोटर सुरू करावी, लाकूड नंतर लावावे. सहा-सात सेकंदांत वेग आला की टायमर स्टारचा काँटॅक्टर सोडतो, मग डेल्टाचा ओढतो. हे दोन एकाच वेळी लागले तर तिन्ही फेज शॉर्ट होतात. म्हणून त्यांच्यात इंटरलॉक हवाच.

भाच्याची मोटर स्टारमध्ये छान उठली, पण डेल्टा लागताच पंखा बंद केल्यासारखी गुपचूप थांबू लागली. गुरगुर नाही, वास नाही, ब्रेकरही पडला नाही. अँपमीटर शून्यावर. मला लगेच शंका आली. यू-१ ची फेज यू-२ वर, व्ही-१ ची व्ही-२ वर, अशी जोडणी झाली होती. नावे जुळली, पण वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना एकच फेज! मग दाब येणार कोठून? डेल्टात यू-१ बरोबर डब्ल्यू-२, व्ही-१ बरोबर यू-२ आणि डब्ल्यू-१ बरोबर व्ही-२ हवा. म्हणूनच डब्यातली वरची ओळ डब्ल्यू-२, यू-२, व्ही-२ अशी सरकवलेली असते.

मोटरीवरची पाटीही आधी वाचा. डेल्टा ४००, स्टार ६९० असे लिहिले असेल तरच हा स्टार्टर चालेल. डेल्टा २३०, स्टार ४०० लिहिलेली मोटर आपल्याकडे कायम स्टारमध्येच चालवायची. डेल्टात गेली की ती जळते. डब्यातल्या पितळी पट्ट्या काढायला विसरू नका. ओव्हरलोड रिले वाइंडिंगच्या तारेत असेल, तर तो १५ वर नव्हे, ८.७ वर लावा.

भाच्याने लायसन असलेल्या हशमलाईला बोलावले. मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून, त्याने तीन तारा बदलल्या. काम वीस मिनिटांचे. करवत आता रोज चालते.