ना इकडची, ना तिकडची गाठ

थायरॉइडच्या गाठीत बारीक सुई घालून काढलेल्या पेशी पॅथॉलॉजिस्ट सहापैकी एका वर्गात बसवतात. ही वर्गवारी अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे २००७ साली झालेल्या बैठकीतून आली, म्हणून रिपोर्टवर ‘बेथेस्डा’ आणि पुढे एक आकडा असतो. २ आला तर गाठ बहुधा साधी. ६ आला तर कर्करोग जवळपास नक्की. पंचाईत होते ती ३ किंवा ४ आला की. २०२३च्या आवृत्तीनुसार ३मध्ये सरासरी २२ टक्के आणि ४मध्ये ३० टक्के गाठी कर्करोगाच्या निघतात. म्हणजे बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण आपली त्यांतली आहे का, हे रिपोर्ट सांगत नाही.

यात पॅथॉलॉजिस्टचा दोष नसतो. फॉलिक्युलर प्रकारचा कर्करोग पेशींच्या रूपावरून ठरत नाही. गाठीभोवतीचं आवरण फोडून पेशी बाहेर किंवा रक्तवाहिनीत शिरल्या आहेत का, यावर तो ठरतो. आंब्यातून सुईने चिमूटभर गर काढला, तर साल कुठे फुटली आहे हे त्या गरावरून कसं कळणार? अख्खी गाठ काढून आवरणाचे बारीक काप पाहावे लागतात. त्यामुळे वर्षानुवर्षं एकच रिवाज होता: थायरॉइडचा अर्धा भाग काढा आणि मग निदान करा. गाठ साधी निघाली तरी गळ्यावर व्रण राहतो, आवाजाच्या नसेला इजा होण्याचा थोडा धोका असतो आणि अर्धी ग्रंथी गेलेल्यांपैकी साधारण चार-पाच जणांमागे एकाला थायरॉइडची गोळी लागते. कर्करोग निघाला, तर कधी कधी उरलेली अर्धी काढायला पुन्हा ऑपरेशन.

याच टप्प्यावर जनुकांच्या पॅनेलची चाचणी उपयोगी पडते. सुईतपासणीच्या वेळीच काही थेंब जास्तीचे घेऊन ते जनुकीय द्रव्य टिकवणाऱ्या द्रावणात ठेवतात. काचपट्टीचा रिपोर्ट ३ किंवा ४ आला, तरच ती कुपी पुढे जाते. पिट्सबर्गमध्ये विकसित झालेली ‘थायरोसेक’ ११२ जनुकांमधले बदल शोधते. ‘अफर्मा’ मात्र मुख्यतः जनुकं किती सक्रिय आहेत याचा नमुना वाचून गाठ साधी की संशयास्पद ते सांगते.

समजा, चाळिशीतल्या एका बाईंच्या गाठीचा आकार २.२ सेंटिमीटर आहे, सोनोग्राफीत फार भयंकर काही दिसत नाही, मानेतल्या लसीकाग्रंथी स्वच्छ आहेत आणि रिपोर्ट आहे बेथेस्डा ४. त्यांच्यासारख्या शंभर जणींची गाठ थायरोसेकमधून गेली असं धरू. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा गाठींपैकी सुमारे २८ टक्के ऑपरेशनची गरज असलेल्या निघाल्या होत्या. त्या २८पैकी २६ चाचणीने पकडल्या, असा हिशेब निघतो. उरलेल्या ७२ साध्या गाठींपैकी ५९ना तिने ‘निगेटिव्ह’ म्हटलं. म्हणजे शंभरातल्या ६१ जणींना निगेटिव्ह रिपोर्ट मिळाला आणि त्यांच्यात चुकून सुटलेल्या दोनच. या ६१ जणींनी ऑपरेशन न करता वर्षाने सोनोग्राफी करून घ्यायची. गाठ वाढली किंवा तिचं रूप बदललं तर पुन्हा सुई. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाने या दोन्ही चाचण्यांची तुलना करून २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात अशा सुमारे निम्म्या रुग्णांचं निदानासाठीचं ऑपरेशन टळलं.

उरलेल्या ३९ जणींच्या हाती ‘पॉझिटिव्ह’ कागद येतो, आणि इथेच वाचणारा घसरतो. त्यातल्या १३ जणींची गाठ साधीच असते. कोणतं जनुक बदललंय यावर सगळं अवलंबून असतं.

बाईंच्या रिपोर्टमध्ये ‘ब्राफ व्ही६००ई’ असेल, तर तो पॅपिलरी कर्करोगच, यात सर्जनला शंका उरत नाही. ऑपरेशन आता निदानासाठी नसून उपचारासाठी असतं. मात्र २.२ सेंटिमीटरच्या, मानेत न पसरलेल्या गाठीसाठी अमेरिकन थायरॉइड असोसिएशनची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं अर्धी ग्रंथी काढणंही मान्य करतात, त्यामुळे केवळ ब्राफ दिसलं म्हणून पूर्ण थायरॉइड गेलीच पाहिजे असं नाही. ब्राफसोबत ‘टर्ट’ या जनुकाचाही बदल असेल, तर आजार आक्रमक असण्याची शक्यता वाढते आणि पल्ला पूर्ण ग्रंथी काढण्याकडे झुकतो.

पण असे बदल या वर्गांतल्या गाठींत फारसे सापडत नाहीत. जास्त करून येतो तो ‘एनरास’सारखा रास गटातला बदल. रास साध्या अडेनोमात असतो, फॉलिक्युलर कर्करोगात असतो आणि या दोघांच्या मधल्या ‘निफ्टप’ नावाच्या गाठीतही असतो. हे निफ्टप पूर्वी कर्करोगच गणलं जाई. २०१६मध्ये तज्ज्ञांनी त्याच्या नावातला ‘कार्सिनोमा’ काढून टाकला, कारण पूर्ण काढून टाकलं की ते जवळजवळ कधीच त्रास देत नाही. वर दिलेल्या २८मध्ये त्याचीही गणती आहे. एनरास आलेल्या बाईंना मी म्हणेन, ऑपरेशन करा, पण अर्ध्याच ग्रंथीचं. पूर्ण ग्रंथी काढली आणि गाठ निफ्टप निघाली, तर आयुष्यभराची गोळी आणि कॅल्शियम कमी होण्याचा धोका विनाकारण पदरात पडतो.

चाचणीचे आकडे मात्र जिथे-तिथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. एखाद्या केंद्रात बेथेस्डा ३-४च्या गाठींपैकी निम्म्या कर्करोगाच्या निघत असतील, तर तीच चाचणी शंभरातल्या ४४ गाठींना निगेटिव्ह म्हणेल आणि त्यात ३ कर्करोग लपलेले असतील. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्टमधली चूक ३ टक्क्यांवरून ७ वर गेली. ‘आमच्या रुग्णांत या वर्गातल्या किती गाठी कर्करोगाच्या निघतात?’ हा प्रश्न म्हणूनच आपल्या डॉक्टरांना विचारायला हवा.

दुसरा सापळा छोट्या पॅनेलचा. मोठ्या अमेरिकी चाचण्यांची किंमत हजारो डॉलरांत, मग एकट्या ब्राफची किंवा पाच-सात जनुकांची तपासणी स्वस्तात पडते. तिचा पॉझिटिव्ह कामाचा असतो. पण तिच्या निगेटिव्हवर विसंबता येत नाही: सात जनुकांच्या जुन्या पॅनेलवर २०११मध्ये अभ्यास झाला, तेव्हा फॉलिक्युलर गटातल्या ज्या गाठींत काहीच सापडलं नव्हतं, त्यांतल्या १४ टक्के तरीही कर्करोगाच्या निघाल्या. काय तपासलं नाही, हे रिपोर्टच्या शेवटच्या बारीक अक्षरांत असतं.

काही वेळा मात्र चाचणी न करणंच शहाणपणाचं. गाठ चार सेंटिमीटरच्या पुढे असून श्वासनलिकेवर दाब आणत असेल, तर ती काढायचीच आहे; रिपोर्टने काही बदलत नाही. बेथेस्डा ३ असेल, तर काही आठवड्यांनी पुन्हा सुई टाकली की बऱ्याच गाठी २मध्ये जाऊन बसतात, तेही फारच कमी खर्चात. आणि कुपीत थायरॉइडच्या पेशी पुरेशा नसतील, तर चाचणी होतच नाही, म्हणून नमुना सोनोग्राफीच्या नजरेखाली घेतलेला असावा. बाईंनी कुपी पाठवण्याआधी सर्जनला एवढंच विचारावं: निगेटिव्ह आला तर तुम्ही ऑपरेशन खरंच टाळाल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर पैसे वाचवावेत.