पहिला परदेश : एकच शहर, एकच हॉटेल

परदेशवारीच्या जाहिरातींत एक कार्यक्रम हमखास असतो : सात दिवसांत सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड. एका खर्चात तीन देश, म्हणून तो फायद्याचाही वाटतो. पण दिवसवार तपशील वाचला की लक्षात येतं, सातातले दोन-तीन दिवस बॅगा भरण्यात, हॉटेल सोडण्यात आणि रांगेत उभं राहण्यातच जाणार आहेत. तरुण मित्रमंडळींना हे झेपतं. सोबत सत्तरीची आजी आणि तिसरीतला मुलगा असेल, तर तिसऱ्या दिवशीच सगळे मेटाकुटीला येतात. म्हणून माझं ठाम मत आहे की पहिल्या परदेश प्रवासात एकच शहर घ्यावं आणि पाच रात्री एकाच हॉटेलात काढाव्यात.

उदाहरणादाखल कराडचं एक शाकाहारी कुटुंब धरू. आई, बाबा, आठवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि आजी. दिवाळीच्या सुट्टीत निघायचं आहे. त्यांच्यासाठी मी सिंगापूर निवडेन. बँकॉकच्या मानाने तिथली हॉटेलं महाग आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं. पण मुंबईहून थेट विमान साधारण साडेपाच तासांत पोहोचतं आणि घड्याळ फक्त अडीच तास पुढे असतं, त्यामुळे आजींच्या झोपेचं आणि औषधांचं वेळापत्रक फारसं बिघडत नाही. सगळीकडे इंग्रजी चालतं, नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं आणि बहुतेक ठिकाणी मेट्रोने जाता येतं.

हॉटेल शोधताना पंचतारांकित की तीन तारे, यापेक्षा ते कोणत्या स्टेशनजवळ आहे हे आधी पाहावं. या कुटुंबासाठी लिटल इंडिया स्टेशनचा परिसर सोयीचा. तिथून दोन मेट्रो मार्ग जातात. एकाने गाडी न बदलता ‘गार्डन्स बाय द बे’ला आणि उलट दिशेने बोटॅनिक गार्डनला जाता येतं. दुसरा थेट हार्बरफ्रंटला, म्हणजे सेंटोसा बेटाच्या दाराशी नेतो. सेरंगून रोडवर इडली-डोसा आणि थाळी देणारी शाकाहारी उपाहारगृहं आहेत. दुपारी मुलं कंटाळली किंवा आजींचे पाय दुखू लागले, तर अर्ध्या तासात खोलीवर परतता येतं. खोल्या मात्र लहान असतात आणि पाच जणांना सहसा एका खोलीत राहू देत नाहीत. म्हणून आतून दार असलेल्या जोडखोल्या आहेत का, हे आरक्षणाआधीच विचारावं.

खरी गोची विमानाच्या वेळेत असते. मुंबईहून सुटणारी बरीच विमानं मध्यरात्रीच्या सुमारास निघून सकाळी उतरतात. हॉटेलची खोली मात्र दुपारी दोन-तीनला मिळते. आता हिशेब मांडू. कराडहून सकाळी निघायचं, संध्याकाळी मुंबई, विमानाच्या तीन तास आधी विमानतळ, रात्रभर अर्धवट झोप आणि सकाळी आठ-नऊला हॉटेलच्या लॉबीत बॅगांवर बसून राहायचं. पहिल्याच दिवशी चिडचिड होते ती इथे. त्यावर उपाय दोन. दिवसाचं विमान घ्यावं आणि आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करावा. ते जमलं नाही, तर सिंगापूरची खोली आदल्या रात्रीपासून घ्यावी आणि सकाळी पोहोचणार असल्याचं हॉटेलला कळवून ठेवावं. पैसे दोन्हीकडे जास्त जातात, पण सगळ्या प्रवासात इतका वसूल होणारा खर्च दुसरा नाही.

कागदपत्रांची सुरुवात पासपोर्टपासून होते. पोहोचण्याच्या तारखेपासून तो किमान सहा महिने वैध हवा. लहान मुलांचा पासपोर्ट जास्तीत जास्त पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे आधी काढलेला असला तरी तारीख पाहावी. आपल्याकडे घोळ होतो तो नावांत. आईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि तिकिटावर सासरचं, किंवा कुठे वडिलांचं नाव मध्ये घातलेलं तर कुठे गाळलेलं. तिकीट काढताना पासपोर्ट समोर ठेवून, त्यावर आहे तसंच अक्षरन् अक्षर टंकावं. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो. त्याचा अर्ज अधिकृत एजंटांमार्फत, प्रवासाच्या आधीच्या तीस दिवसांत करतात. तो हाती येण्याआधी तिकीट काढावंच लागत असेल, तर रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील ते पाहूनच काढावं. शेवटच्या तीन दिवसांत ‘SG Arrival Card’ नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. तो सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. कुठे त्याचे पैसे मागितले, तर आपण भलत्याच संकेतस्थळावर आहोत असं समजावं.

दिवाळीत निघताना फराळाचा डबा सोबत येणारच. चिवडा, शेव, शंकरपाळे खुशाल न्यावेत, पण अनारसे घरीच ठेवावेत. त्यांना लावलेली खसखस सिंगापूरमध्ये अमली पदार्थांच्या नियमांत अडकते. करंजीच्या सारणात खसखस असेल तर करंजीही नको. गुटखा आणि खायची तंबाखू यांवर तिथे बंदी आहे, त्यामुळे बाबांच्या खिशात चुकून राहिलेली पुडीसुद्धा महागात पडू शकते. आजींच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत असाव्यात. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्यांसाठी आधी परवानगी लागू शकते, ते निघण्यापूर्वी तपासावं.

आता दिवस आखू. दिवसाला एकच मोठी गोष्ट. पहिला दिवस आरामाचा. संध्याकाळी दिवाळीच्या रोषणाईने सजलेल्या सेरंगून रोडवर फेरफटका पुरे. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत प्राणिसंग्रहालय. तिसऱ्या दिवशी दुपारी गार्डन्स बाय द बेची वातानुकूलित काचघरं आणि अंधार पडल्यावर सुपरट्रींचा प्रकाशखेळ, जो पाहायला तिकीट लागत नाही. चौथा दिवस सेंटोसाचा. पाचव्या दिवशी सकाळी बोटॅनिक गार्डन, तिथेही मुख्य बागेला प्रवेशशुल्क नाही, आणि मग खरेदी. तिथे पाऊस वर्षभर पडतो, बहुतेकदा दुपारनंतर. म्हणून उघड्यावरच्या गोष्टी सकाळी ठेवाव्यात आणि छत्री रोज सोबत असावी.

दोन बारीक गोष्टींवर रोजचा प्रवास अवलंबून असतो. मेट्रोच्या फाटकावर प्रत्येकाचं वेगळं कार्ड लागतं, एकाच कार्डावर सगळं घर आत जात नाही. आणि साधी टॅक्सी चार प्रवाशांची असते, त्यामुळे पाच जणांना मोठी गाडी मागवावी लागते. बँकेच्या कार्डावर परदेशातला वापर निघण्याआधी सुरू करून घ्यावा. दुकानातल्या यंत्राने रुपये की डॉलर असं विचारलं, तर सिंगापूर डॉलरच निवडावा. रुपये निवडले की यंत्रवाले आपला दर लावतात आणि तो बहुधा महाग पडतो.

एवढं करूनही बजेट ओलांडलं जात असेल, तर काय कापायचं हे आधी ठरवावं. एखादी रात्र कमी केली, सेंटोसातल्या महागड्या थीम पार्कचं तिकीट वगळलं, खरेदीला कात्री लावली, तरी चालेल. थेट विमान, स्टेशनजवळचं हॉटेल आणि पोहोचताच मिळणारी खोली या तीन गोष्टींवर मात्र काटकसर करू नये. त्या वाचवलेल्या पैशांची किंमत घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात वयस्कर माणसाला मोजावी लागते.