आधी वाटणी, मग वाढ

समजा, डाळिंबावरचा तेल्या ओळखायला संगणकाला शिकवायचंय. फळं ६०, प्रत्येकाचे ५ फोटो, एकूण ३००. ते उलटवून, फिरवून, उजेड कमी-जास्त करून ३,००० केले आणि मग चाचणीसाठी सरसकट २० टक्के काढले, तर चाचणीतल्या जवळपास प्रत्येक फोटोचं भावंड सरावात असतं. अचूकता भरघोस दिसते. नव्या बागेत कोसळते.

म्हणून आधी फळं वाटावीत: ४८ सरावाला, १२ चाचणीला. मग फक्त सरावाचे २४० फोटो वाढवावेत. चाचणीचे ६० मूळ रूपातच ठेवावेत. रंगांशी मात्र फार खेळू नये, ओळखायचा आहे तो तेलकट, काळपट डागच! आणि सगळी फळं एकाच बागेतली असतील, तर एवढ्यानंही भागत नाही. चाचणीला दुसरी बाग हवी.