भाव वाढला म्हणून मागणीवक्र सरकत नाही

आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाचा भाव क्विंटलमागे 7000 रुपयांवरून 7500 वर गेला आणि जिनिंगवाल्यांनी खरेदी कमी केली, तर मागणीवक्राचे काय झाले? अर्थशास्त्राच्या परीक्षेत असा प्रश्न आला की बरेच विद्यार्थी नवा वक्र डावीकडे काढतात आणि खाली ‘मागणी घटली’ असे लिहितात. उत्तर सरळसरळ चुकलेले असते, पण ते का चुकले हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या प्रश्नात तीच चूक पुन्हा होते.

गैरसमज : भाव वाढला की मागणीवक्र डावीकडे सरकतो

मागणीवक्र म्हणजे एका आकड्याची नोंद नव्हे. कोणत्या भावाला गिऱ्हाईक किती माल घ्यायला तयार आहे, याची ती अख्खी यादी आहे. समजा, यार्डातले सगळे खरेदीदार मिळून 6500 रुपयांना दिवसाला 6000 क्विंटल, 7000 ला 5000 क्विंटल आणि 7500 ला 4000 क्विंटल कापूस घ्यायला तयार आहेत (हे आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत). भाव 7500 झाला आणि खरेदी 4000 क्विंटलवर आली, तर यादीतली एकही ओळ बदललेली नाही. आपण फक्त एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर आलो. आकृतीत हे त्याच वक्रावरून वर सरकणे आहे. पाठ्यपुस्तक याला मागणीचा संकोच म्हणते आणि उलट दिशेने सरकण्याला विस्तार. वक्र स्वतः जागचा हलायचा असेल तर यादीच नव्याने लिहावी लागेल, म्हणजे त्याच 7000 रुपयांना आता 5000 ऐवजी 6500 किंवा 3500 क्विंटल हवे असायला हवेत. हे भावामुळे होत नाही. सुताला मागणी वाढली, पर्यायी धागा स्वस्त झाला, बाहेरचा कापूस स्वस्तात मिळू लागला, खरेदीदारांची संख्या बदलली, अशा भावाबाहेरच्या कारणांनी ते होते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. उद्या भाव वाढणार अशी बातमी आली की व्यापारी आजच जास्त माल उचलतो आणि वक्र उजवीकडे सरकतो, मग भावामुळे वक्र सरकत नाही असे कसे म्हणायचे? उत्तर आकृतीच्या उभ्या अक्षावर आहे. तिथे आजचा भाव मांडलेला असतो. उद्याच्या भावाची अपेक्षा त्या अक्षावर नाही, म्हणून ती वक्राबाहेरची गोष्ट ठरते आणि वक्र सरकवू शकते. पॉलिएस्टरचा भावही तसाच. पॉलिएस्टर महागले तर कापसाचा मागणीवक्र उजवीकडे जातो, पण पॉलिएस्टरच्या स्वतःच्या आकृतीत तीच महागाई त्याच्या मागणीवक्रावर वर सरकणे असते. एकच घटना एका बाजारात वक्रावरून सरकणे आणि दुसऱ्या बाजारात वक्राचेच स्थलांतर ठरू शकते. म्हणून ‘भाव बदलला’ एवढे वाचून थांबायचे नाही, कोणाचा भाव आणि कोणत्या आकृतीत, हे विचारायचे.

गैरसमज : मागणी वाढली तरी भाव वाढून ती पुन्हा जिथल्या तिथे येते

हा गैरसमज जास्त फसवा आहे, कारण त्यातले प्रत्येक वाक्य सुटे वाचले तर बरोबर वाटते. मागणी वाढली की भाव वाढतो, भाव वाढला की मागणी कमी होते, मागणी कमी झाली की भाव उतरतो. मग बाजार गोल गोल फिरून मूळ जागी येईल, असा निष्कर्ष निघतो. गफलत अशी की पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यातली ‘मागणी’ म्हणजे वक्र, तर दुसऱ्या वाक्यातली ‘मागणी’ म्हणजे वक्रावरचा एक बिंदू. वरचेच उदाहरण आकड्यांनी पुढे नेऊ. 7000 रुपयांना शेतकरीही 5000 क्विंटल आणत होते, आणि भाव 7500 झाला तर 5500 क्विंटल आणतील असे धरू. आता सुताच्या निर्यातीने जोर धरला आणि प्रत्येक भावाला खरेदीदारांची गरज 1500 क्विंटलने वाढली. वक्र उजवीकडे गेला. 7000 रुपयांना आता 6500 क्विंटल हवेत, पण यार्डात 5000 च आहेत, म्हणून बोली चढते. 7500 ला नव्या यादीत मागणी 5500 आणि आवकही 5500. बाजार तिथे थांबतो. भाव चढल्यामुळे खरेदी 6500 वरून 5500 वर आली हे खरे, पण तो नव्या वक्रावरचा संकोच आहे. जुन्या वक्राकडे परत जाण्याचे काही कारणच नाही, आणि 5500 हा आकडा सुरुवातीच्या 5000 पेक्षा जास्तच आहे.

हा निव्वळ शब्दांचा कीस आहे, शेवटी भाव तर कळतोच ना, असे कोणी म्हणेल. पण निर्णय याच फरकावर बदलतात. केंद्र सरकारने 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि नंतर 31 डिसेंबर 2025 पर्यंत माफ केले. परदेशी कापूस हा आदिलाबादच्या कापसाला पर्याय आहे. तो स्वस्त झाला की देशी कापसाचा मागणीवक्र डावीकडे जातो आणि भावावर दाब येतो. इथे ‘भाव उतरला म्हणून मागणी वाढेल आणि भाव सावरेल’ असा दिलासा देणारा वरचीच चूक करतो. उतरलेल्या भावाला गिरण्या थोडा जास्त माल घेतील, पण ते डावीकडे गेलेल्या वक्रावर खाली सरकणे असेल. पूर्वीचा भाव त्यातून परत येत नाही. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा आधारभाव 8110 रुपये ठरला होता. खासगी बोली त्याच्या खाली राहिली की शेतकऱ्याला आधारभावाने खरेदी करणाऱ्या सीसीआयच्या केंद्राकडे वळावे लागते, आणि तिथे 12 टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला माल घेतला जात नाही.

गैरसमज : भाव आणि खरेदी दोन्ही वाढली, म्हणजे मागणीचा नियम खोटा

अमेरिकी अर्थतज्ज्ञ हेन्री मूर यांनी 1914 साली कच्च्या लोखंडाचे भाव आणि विक्री यांचे आकडे मांडले आणि त्यांना वर चढणारा ‘मागणीवक्र’ मिळाला. प्रत्यक्षात तेजीच्या वर्षांत मागणीवक्रच उजवीकडे सरकत होता आणि निरीक्षणाचे बिंदू पुरवठावक्रावर पडत होते. निव्वळ आकडे पाहून कोणता वक्र हलला हे कळत नाही, हा मुद्दा एल्मर वर्किंग यांनी 1927 मध्ये नेमका मांडला. आपल्या उदाहरणातले 7000 ला 5000 आणि 7500 ला 5500 हे दोन बिंदू जोडले तर तीच चढती रेषा मिळते, आणि ती शेतकऱ्यांच्या पुरवठ्याची असते. म्हणून एखाद्या हंगामात भाव आणि उलाढाल बरोबरच वाढली तर नियम मोडला असे समजू नये. मागणी बाहेरच्या कारणाने वाढली असावी, आणि ते कारण शोधावे.

तेव्हा असा प्रश्न समोर आला की आधी घटना ओळखा. ती याच मालाच्या आजच्या भावात आहे की बाहेर? भावात असेल तर तो भाव कशाने बदलला हे पाहा. पुरवठ्यामुळे बदलला असेल तर मागणीवक्राला हात लावू नका, फक्त त्यावरचा बिंदू सरकवा. घटना बाहेरची आणि मागणीची असेल तर आधी वक्र सरकवा, मग नवा भाव शोधा. हा क्रम उलटला की आकृती कितीही सुबक काढली तरी उत्तर चुकते.