ओळीत अडकलेली रक्कम

अनेक गृहनिर्माण संस्थांकडे, मंडळांकडे आणि छोट्या पतसंस्थांकडे जुना हिशेब वर्डच्या फाइलमध्ये पडून असतो. कुणीतरी वहीवरून तो नेटाने टाइप केलेला असतो, पण रकाने न पाडता, सलग वाक्यांत. वाचायला त्यात काही अडचण नसते. बेरीज करायची वेळ आली, की मात्र सगळे अडते. लेखापरीक्षकाला तारीख, तपशील, नावे आणि जमा असे चार रकाने हवे असतात आणि रक्कम तर वाक्याच्या पोटात असते. एका संस्थेच्या रोख खात्याचा हा नमुना पाहा:

```
मागील शिल्लक रु. 12,400/-
03/04/2023 फ्लॅट नं. 204 कडून पावती क्र. 318 ने मेंटेनन्स रु. 1,500/- मिळाले. शिल्लक रु. 13,900/-
०५/०४/२०२३ प्लंबर यांना टाकीच्या कामास रू.२,३५०/- दिले. शिल्लक रू.११,५५०/-
सदर कामातील उरलेले रु. 150/- त्यांनी परत दिले. शिल्लक रु. 11,700/-
08/04/2023 जिन्याचे वीजबिल रु. 4,680/- भरले. शिल्लक रु. 6,840/-
```

पाचच ओळी आहेत, पण जवळजवळ सगळ्या खोड्या त्यांत आल्या आहेत. आकडे कुठे इंग्रजी, कुठे देवनागरी. ‘रु.’ कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. २०४ हा फ्लॅटचा क्रमांक आणि ३१८ पावतीचा, म्हणजे ओळीतला प्रत्येक आकडा पैसा नव्हे. चौथ्या ओळीला तारीखच नाही. शिवाय एक चूक आहे, ती पुढे सापडेल.

मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून मजकूर गूगल शीट्समध्ये ब रकान्यात, म्हणजे B मध्ये, चिकटवावा आणि A मध्ये ओळीचा अनुक्रम घालावा. हा B रकाना शेवटपर्यंत पुसायचा नाही. पुढे शंका आली, तर मूळ वाक्य शेजारीच हवे. एखादी नोंद टाइप करताना दोन ओळींत तुटली असेल, तर ती आधी जोडून घ्यावी. ज्या ओळीत तारीखही नाही आणि शिल्लकही नाही, ती बहुधा अशी तुटलेली असते. मग ‘शोधा आणि बदला’ वापरून देवनागरी आकडे एकेक करून इंग्रजी करावेत. हे टाळले तर पुढचे सूत्र चालणार नाही, कारण त्यातली `\d` ही खूण फक्त 0 ते 9 ओळखते. फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल, तर चिकटवल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. तसे झाले, तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे लागते.

आता रक्कम. ती ‘रु.’ला धरूनच शोधायची:

```
=VALUE(SUBSTITUTE(REGEXEXTRACT(B3,"(?:रु|रू)\.?\s*([\d,]+)"),",",""))
=VALUE(SUBSTITUTE(REGEXEXTRACT(B3,"शिल्लक\s*(?:रु|रू)\.?\s*([\d,]+)"),",",""))
```

पहिले सूत्र ओळीतली पहिली रक्कम काढते, दुसरे ‘शिल्लक’ या शब्दानंतरची. फ्लॅट आणि पावतीचे क्रमांक ‘रु.’शिवाय असल्याने आपोआप वगळले जातात. स्वल्पविराम काढून `VALUE` लावणे आवश्यक आहे, नाहीतर हाती येतो तो दिसायला आकडा असतो, पण शीटच्या लेखी मजकूर, आणि त्याची बेरीज शून्य येते.

तारखेसाठी फाइलच्या सेटिंगमधला देश आधी भारत करावा. अमेरिकी पद्धत राहिली, तर ३ एप्रिलचा ४ मार्च होतो. हे ओळखणे सोपे आहे: महिन्याच्या १२ तारखेपर्यंतचे दिवस-महिने उलटे होतात आणि १३ पासूनच्या तारखा मजकूर म्हणून डावीकडे चिकटून बसतात. तारीख नसलेल्या ओळीला वरची तारीख द्यावी, पण त्या घराला वेगळा रंग द्यावा, कारण ती तारीख आपण दिलेली आहे.

खरा पेच पुढे आहे: रक्कम कोणत्या बाजूला? पहिल्यांदा वाटते, की क्रियापद बघावे; ‘मिळाले’ म्हणजे आले, ‘दिले’ म्हणजे गेले. पण तिसऱ्या ओळीत प्लंबर ‘यांना’ दिले आणि चौथीत ‘त्यांनी’ परत दिले. क्रियापद एकच, पैसा उलट्या दिशेने. म्हणून शब्दांपेक्षा शिल्लक विश्वासाची. ती वाढली तर पैसे आले, घटली तर गेले. शब्द आणि शिल्लक यांचे जमत नसेल, ती ओळ डोळ्यांनी वाचायची.

इथे एक गोष्ट लेखापरीक्षकाशी आधीच बोलून घ्यावी. आपल्या पारंपरिक रोजकीर्दीत आलेली रक्कम ‘जमा’ बाजूला लिहितात, कारण ती देणाऱ्याच्या नावावर जमा होते. बँकेच्या पासबुकातही भरलेले पैसे ‘जमा’ दिसतात, कारण ते बँकेचे पुस्तक आहे. पण द्विनोंदी पद्धतीत आपल्या रोख खात्यापुरते बोलायचे, तर आलेली रोकड नावे आणि गेलेली जमा. इथे आपण ही दुसरी पद्धत धरली आहे. रकान्यावर नुसते ‘नावे’ न लिहिता ‘नावे (रोकड आली)’ असे लिहिले, की सहा महिन्यांनी फाइल उघडणाराही फसत नाही.

C मध्ये तारीख, D मध्ये तपशील, E मध्ये नावे, F मध्ये जमा आणि G मध्ये टाइप केलेली शिल्लक बसली, की H मध्ये तिसऱ्या ओळीपासून ताळा घालावा:

```
=G2+E3-F3-G3
```

यात आदली शिल्लक टाइप केलेलीच घेतली आहे, आपण मोजलेली नाही. मोजलेली घेतली असती, तर एक चूक शेवटच्या ओळीपर्यंत वाहत गेली असती. या रीतीने ती जिथली तिथे अडकते आणि H मध्ये शून्याऐवजी काय आले, त्यावरून चुकीची जातही कळते.

आपल्या नमुन्यात वीजबिलाच्या ओळीवर १८० येतात. ११,७०० मधून ४,६८० गेले तर ७,०२० उरायला हवेत, लिहिले आहेत ६,८४०. फरकाला ९ ने भाग गेला, की शेजारचे दोन अंक उलटसुलट झाल्याचा संशय घ्यावा. इथे ४,८६० धरले, तर हिशेब बरोबर जुळतो. प्लंबरचे परत आलेले १५० चुकून जमा बाजूला टाकले असते, तर उणे ३०० दिसले असते: फरक रकमेच्या दुप्पट असेल, तर बाजू चुकली आहे. शिल्लकच चुकीची टाइप झाली असेल, तर लागोपाठच्या दोन ओळींवर तोच फरक एकदा अधिक, एकदा उणे असा येतो. आणि पूर्ण नोंदच गाळली गेली असेल, तर फरक त्या गाळलेल्या रकमेएवढा असतो. तेवढ्या रकमेचे व्हाउचर फाइलमध्ये शोधायचे.

चूक सापडली, तरी ४,६८० चे ४,८६० परस्पर करू नयेत. बिल काढावे, आकडा बघावा, मगच F मध्ये दुरुस्ती करावी आणि शेजारी शेऱ्यात मूळ आकडा व बिलाचा आधार लिहावा. तो शेरा नसेल, तर लेखापरीक्षकाला वही आणि तक्ता यांतला फरक कुठून आला, ते कळायला मार्ग उरत नाही.

हा ताळा फक्त रकमेवर आणि बाजूवर पहारा ठेवतो. तारीख चुकली, प्लंबरचा खर्च इलेक्ट्रिशियनच्या नावे पडला, तरी H मध्ये शून्यच दिसेल. आणि ज्या वहीत शिल्लक ओळीगणिक न लिहिता महिनाअखेरीलाच लिहिली आहे, तिथे एवढेच कळते, की महिन्यात कुठेतरी फरक आहे. एकमेकींना झाकणाऱ्या दोन चुका तर कळतही नाहीत. अशा महिन्यांच्या नोंदी व्हाउचरांशी एकेक करून ताडाव्या लागतात, आणि रंग दिलेल्या तारखाही त्याच बैठकीत तपासून घ्याव्यात.